‘गाडी मक्खन आहे’ आणि ‘गाडी बेचाळीस हजार फिरलीय’

1955 साली इंग्लंडमधल्या एका गृहस्थाने नवी हिलमन मिंक्स गाडी घ्यायचं ठरवलं आणि बदल्यात आपली जुनी मॉरिस गाडी डीलरला दिली. मॉरिस 1948 ची आहे असं त्याने सांगितलं. नोंदणी पुस्तकातही 1948 हेच साल होतं. डीलरच्या सेल्समनला ही गाडी ओळखीची होती, तो अनेकदा त्या गाडीतून फिरलाही होता. मॉरिसची किंमत 290 पौंड धरली गेली आणि सौदा झाला. साधारण आठ महिन्यांनी डीलरने गाडीचे चॅसिस आणि इंजिन क्रमांक कंपनीकडे पाठवले, तेव्हा ती गाडी 1939 ची निघाली. मधल्या काळात मॉडेलचं रूप बदललेलं नव्हतं आणि पुस्तकातलं साल आधीच्या कुणीतरी बदलून ठेवलं होतं. खरं साल ठाऊक असतं, तर डीलरने 175 पौंडच दिले असते. फरकाचे 115 पौंड मिळावेत म्हणून तो कोर्टात गेला.

खालच्या कोर्टाने पैसे मंजूर केले. अपील कोर्टाने ते दोन विरुद्ध एक अशा मताने नामंजूर केले. ‘ऑस्कर चेस विरुद्ध विल्यम्स’ या नावाने हा निकाल 1957 पासून कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. सांगितलेलं साल चुकीचं होतं याबद्दल वाद नव्हता. पण सांगणारा सामान्य गाडीमालक होता, त्याने पुस्तक वाचून सांगितलं होतं आणि समोर बसलेला धंद्यातला माणूस होता. साल खरं असल्याची हमी त्याने स्वतःच्या अंगावर घेतली, असं न्यायाधीश डेनिंग यांना वाटलं नाही. करार रद्द करून गाडी परत करण्याची वेळही डीलरने घालवली होती. चूक झाली, नुकसान झालं, तरी हाती काही आलं नाही.

याच डेनिंग यांच्यापुढे 1965 मध्ये दुसरं प्रकरण आलं. इथे फसलेला ग्राहक होता आणि विकणारा डीलर. ग्राहकाने नीट माहिती काढलेली बेंटले गाडी हवी आहे असं आधीच सांगून ठेवलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलल्यानंतर गाडी फक्त वीस हजार मैल चालली आहे, असं डीलरने सांगितलं. मीटरही वीस हजारच दाखवत होता. 1,850 पौंडांना गाडी घेतल्यावर कळलं, की ती जवळपास एक लाख मैल चाललेली आहे. डीलरने मुद्दाम खोटं सांगितलं असं कोर्टाने म्हटलं नाही. तरी ग्राहकाला 400 पौंड मिळाले. गाडीचा इतिहास शोधून काढणं डीलरला शक्य होतं, ते त्याचं कामच होतं आणि ग्राहक त्याच्याच शब्दावर विसंबला होता.

दोन्ही प्रकरणांत वाक्य एकाच जातीचं होतं, गाडीबद्दलचा एक आकडा. निकाल उलटे लागले, कारण बोलणारा कोण आणि त्याला काय ठाऊक असायला हवं होतं, याचं वजन वेगळं होतं. सेकंड हँड गाडीच्या वादात वकील आणि न्यायाधीश पहिल्यांदा हेच वजन करतात. विक्रेत्याच्या तोंडून आलेलं प्रत्येक वाक्य ते वेगळं काढून बघतात.

कौतुक कुठे संपतं

एक कल्पित उदाहरण घेऊन पुढे जाऊ. नाशिकमधली एक शिक्षिका सेकंड हँड गाड्यांच्या डीलरकडे गेली आहे. सहा वर्षं जुन्या हॅचबॅकची किंमत 4,80,000 रुपये ठरते. डीलर म्हणतो, “मॅडम, गाडी एकदम मक्खन आहे. अशी गाडी तुम्हाला अख्ख्या नाशकात शोधून सापडायची नाही. अजून दहा वर्षं बघायला नको. एका डॉक्टरांची गाडी आहे, बेचाळीस हजार फिरलीय फक्त. कुठे ठोकलेली नाही, क्लेम एकसुद्धा नाही.” मीटरवर 42,000 चाच आकडा आहे. शिक्षिका टोकन देते, दोन दिवसांनी उरलेली रक्कम भरते आणि गाडी घरी आणते.

डीलरचं बोलणं आता सुटं करू. ‘मक्खन आहे’ हे कौतुक झालं. ते खरं की खोटं हे कुठल्याच मोजमापाने ठरवता येत नाही आणि कुणी शहाणा माणूस त्यावर विसंबून पाच लाख मोजत नाही. ‘नाशकात सापडायची नाही’ हे त्याच पठडीतलं वाक्य. बाजारात विकणारा आपल्या मालाची तारीफ करणारच, हे कायदा गृहीत धरतो आणि असल्या बोलण्याला करारात वजन देत नाही.

‘अजून दहा वर्षं बघायला नको’ हा भविष्याचा अंदाज आहे. सहसा अंदाज चुकला म्हणून दावा उभा राहत नाही. पण इथे एक मेख आहे. ज्याच्या हातात माहिती आहे त्याने दिलेलं मत निव्वळ मत राहत नाही. आपल्याकडे त्या मताला आधार आहे, असं तो नकळत सांगत असतो. 1884 च्या एका इंग्रजी खटल्यात मालमत्ता विकणाऱ्याने तिथल्या भाडेकरूचं वर्णन ‘अतिशय चांगला भाडेकरू’ असं केलं होतं आणि प्रत्यक्षात त्या भाडेकरूचं भाडं थकलेलं होतं. ऐकायला ते मत होतं, पण थकबाकी ठाऊक असलेल्या माणसाने ते दिल्यामुळे कोर्टाने ते खोटं कथन मानलं. आपल्या डीलरला इंजिन तेल पितंय हे कळलेलं असेल आणि तरी तो ‘दहा वर्षं बघायला नको’ म्हणाला असेल, तर त्याचंही वाक्य कौतुकाच्या रांगेतून बाहेर येतं.

उरली शेवटची वाक्यं. डॉक्टरांची गाडी, बेचाळीस हजार किलोमीटर, अपघात नाही, क्लेम नाही. ही चारही कागदावर तपासता येतात, त्यांच्यावरून बाजारात किंमत ठरते आणि ग्राहकाच्या मनात होकार त्यांच्यामुळेच तयार होतो. कायद्याचं काम इथून सुरू होतं.

नीळ, घोडा आणि मीटर

भारतात हा विषय मुख्यतः 1872 च्या भारतीय करार कायद्यात येतो. कलम 17 कपटाची व्याख्या करतं. त्यात माणसाला आपण सांगतो ते खरं नाही हे ठाऊक असतं. कलम 18 चुकीच्या कथनाबद्दल आहे. त्यात बोलणाऱ्याला ते खरं वाटतही असेल, पण त्याच्याजवळच्या माहितीच्या बळावर इतक्या ठामपणे सांगणं योग्य नव्हतं. ज्या वस्तूचा सौदा आहे तिच्या मूळ गाभ्याबद्दल दुसऱ्याची अगदी निष्पापपणे चूक घडवून आणली, तरी तेही याच कलमात बसतं. ते 1939 चं मॉरिस प्रकरण आपल्याकडे आलं असतं, तर या शेवटच्या तरतुदीवर चांगलाच युक्तिवाद रंगला असता.

दोन्ही प्रकारांत कलम 19 फसलेल्या पक्षाच्या हाती निवड देतं. करार आपोआप संपत नाही. तो ‘शून्यनीय’ होतो, म्हणजे फसलेल्या माणसाने ठरवलं तर रद्द होतो आणि त्याने ठरवलं तर चालू राहतो.

विक्रेता गप्प राहिला तर? कायद्यात याचं उदाहरण घोड्याचं दिलेलं आहे. घोडा अधू आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे आणि तो लिलावात त्याबद्दल काहीच बोलत नाही. एवढ्याने कपट होत नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन’, आणि विकणारा तरीही गप्प बसला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. घोड्याच्या जागी गाडी ठेवली की व्यवहारातला उपयोग लगेच दिसतो. ‘या गाडीला कधी अपघात झालाय का?’ असा थेट प्रश्न विचारला, त्यातही व्हॉट्सअॅपवर लिहून विचारला, की विक्रेत्याला मौनाच्या आड लपायला जागा उरत नाही.

नंतर येते ती अट, जिच्यावर अनेक दावे अडतात. कलम 19 चा अपवाद म्हणतो, की साधी खबरदारी घेतली असती तर सत्य कळलं असतं, अशी परिस्थिती असेल तर करार रद्द करता येणार नाही. पण हा अपवाद चुकीच्या कथनाला आणि मौनातून केलेल्या कपटाला लागू आहे. तोंडाने ठाम खोटं बोलून केलेल्या कपटाला तो लागू होत नाही. ज्याने डोळ्यांत धूळ फेकली त्याने ‘तुम्ही डोळे का चोळले नाहीत’ असं विचारायचं नाही, हा त्यामागचा विचार.

कायद्यातलं दुसरं उदाहरण निळीच्या कारखान्याचं आहे. कारखान्यात वर्षाला पाचशे मण नीळ निघते, असा चुकीचा समज विकणाऱ्याने करून दिला. घेणाऱ्याने हिशेबाच्या वह्या पाहिल्या, त्यांत चारशेच मण दिसले, तरी त्याने कारखाना घेतला. आता त्याला तक्रार करता येत नाही, कारण त्याचा होकार त्या खोट्या आकड्यातून आलेला नाही. शिक्षिकेने सौद्याआधी मेकॅनिक नेला असता, त्याने ‘ताई, ही गाडी लाखाच्या वर फिरलेली वाटते’ असं सांगितलं असतं आणि तरी तिने पैसे मोजले असते, तर तिची गतही तीच झाली असती.

चार महिन्यांनी

आता उदाहरण पुढे नेऊ. चार महिन्यांत शिक्षिका गाडी पाच हजार किलोमीटर चालवते. क्लच जातो आणि दुरुस्तीला 22,000 रुपये लागतात. गॅरेजवाला अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करायला सांगतो. तिथल्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच मीटर 96,000 दाखवत होता. समोरून धडक बसून विम्याच्या खर्चाने झालेलं मोठं कामही त्याच नोंदीत आहे. ती 3,000 रुपये देऊन तपासनिसाचा लेखी अहवाल घेते. अहवालानुसार खरेदीच्या दिवशी गाडीची खरी किंमत 3,40,000 होती. सांगितल्याप्रमाणे गाडी असती तर बाजारात 5,00,000 मिळाले असते, म्हणजे तिने घासाघीस करून वीस हजार वाचवल्यासारखंच होतं.

तिच्यापुढे दोन वाटा आहेत आणि त्यांचे हिशेब एकमेकांपासून निराळे आहेत.

पहिली वाट करार रद्द करण्याची. गाडी डीलरकडे जाते आणि 4,80,000 तिच्याकडे परत येतात. कलम 75 प्रमाणे, योग्य कारणाने करार रद्द करणाऱ्याला नुकसानभरपाईही मागता येते. नाव बदलण्याचा आणि एजंटचा खर्च 6,000, विमा 14,000, तपासणी 3,000, क्लच 22,000 असे 45,000 ती त्यात मांडते. दुसऱ्या बाजूला कलम 64 सांगतं, की रद्द करणाऱ्यानेही करारातून मिळालेला लाभ शक्य तितका परत करायला हवा. तिने चार महिने गाडी वापरली, त्याचं मोल कोर्ट 20,000 धरेल असं समजू. मग तिचा आकडा 5,05,000 वर येतो. हौसेने बसवलेली 18,000 ची म्युझिक सिस्टिम या हिशेबात आणणं अवघड आहे. ती काढून घेणंच शहाणपणाचं.

दुसरी वाट गाडी ठेवून फरक मागण्याची. कलम 19 म्हणतं, की फसलेला पक्ष करार पुरा करून घेऊ शकतो आणि सांगितलेलं खरं असतं तर आपण जिथे असतो, तिथे आपल्याला आणून बसवा अशी मागणी करू शकतो. हे माप धरलं तर फरक 5,00,000 उणे 3,40,000, म्हणजे 1,60,000. किलोमीटरचं ते वाक्य करारातली हमीच होती असं सिद्ध झालं, तर 1930 च्या माल विक्री कायद्यातूनही मोजमाप असंच निघतं. मात्र तिने कपटाबद्दल दिवाणी दावा केला, तर प्रश्न वेगळा विचारला जातो: हे खोटं बोललंच गेलं नसतं, तर ती आज कुठे असती? मग तिने दिलेले 4,80,000 आणि गाडीचं खरं मोल 3,40,000 यांतला फरक, म्हणजे 1,40,000 आणि त्याशिवाय त्या खोटेपणामुळे थेट झालेले खर्च. वाचलेले ते वीस हजार या मापात मिळत नाहीत, कारण ते फक्त सौदा सांगितल्यासारखा खरा असता तरच तिचे होते.

भरपाईच्या दाव्यात दूरचे तोटे मात्र गळतात. क्लच गेला त्या दिवशी शिकवणीचे तास बुडाले, किंवा लग्नाला जायला भाड्याची गाडी करावी लागली, अशा रकमांबद्दल कलम 73 ची कसोटी कडक आहे. नुकसान त्या उल्लंघनातून साहजिकच निघालेलं असावं, किंवा ते होऊ शकतं हे करार करतानाच दोघांना ठाऊक असावं. भाड्याच्या गाडीची पावती असेल, तर निदान तो खर्च मागून पाहता येतो.

कुठली वाट बरी, हे गाडीच्या हालतीवर ठरतं. त्या मॉडेलचा बाजारभावच दरम्यान पडला असेल, तर करार रद्द केल्यावर तो तोटा डीलरच्या गळ्यात जातो. फक्त फरक मागितला, तर तो तिच्याकडेच राहतो. पण गाडी तशी चांगली चालत असेल आणि तिला तीच ठेवायची असेल, तर फरकाचा दावा सोपा आहे.

रद्द करायचं तर गाडी उभी करा

करार रद्द करण्याचा हक्क वाट पाहत बसत नाही. 1958 मध्ये निकाल लागलेलं लॉरीचं एक प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. जाहिरातीत लॉरी उत्कृष्ट स्थितीत असल्याचं म्हटलं होतं आणि ग्राहकाने ती 750 पौंडांना घेतली. पहिल्याच फेरीत डायनमो गेला आणि आणखी दोष दिसले. त्याने तक्रार केली, तेव्हा विक्रेता दुरुस्तीचा अर्धा खर्च द्यायला तयार झाला आणि ग्राहकाने ते मान्य केलं. लॉरी पुन्हा लांबच्या प्रवासाला निघाली आणि वाटेत बंद पडली. मग तो करार रद्द करायला निघाला, तेव्हा अपील कोर्ट म्हणालं, की दोष कळल्यावरही त्याने लॉरी धंद्याला लावली, याचा अर्थ सौदा त्याने स्वीकारला. गाडी परत द्यायचा हक्क त्याने त्या दुसऱ्या फेरीतच गमावला.

आपल्याकडे 1963 च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम 27 हेच सांगतं. खरं कळल्यावर वागण्यातून सौद्याला मान्यता दिली असेल, दोन्ही पक्षांना पूर्वस्थितीत आणणं शक्य नसेल, किंवा दरम्यान तिसऱ्या कुणा निर्दोष माणसाने तीच गाडी विकत घेतली असेल, तर कोर्ट रद्द करायला नकार देऊ शकतं.

शिक्षिकेने म्हणून सर्व्हिस सेंटरची नोंद हाती आल्याच्या दिवसापासून गाडी वापरणं थांबवलं पाहिजे. लगेच डीलरला लेखी कळवायचं: कोणतं वाक्य खोटं निघालं, ते कसं समजलं, आपण करार रद्द करतो आहोत, गाडी परत घ्या, पैसे इतक्या दिवसांत द्या. कलम 66 प्रमाणे, प्रस्ताव जसा कळवतात तसाच करार रद्द झाल्याचं कळवायचं असतं. मनातल्या मनात किंवा नातेवाइकांपुढे रद्द करून ते होत नाही. रजिस्टर्ड पोस्ट आणि ईमेल दोन्हीने पाठवलं, तर पुढे तारखेचा वाद उरत नाही. “गाडी आणून सोडा, मी मोफत नीट करून देतो” हा डीलरचा प्रस्ताव ऐकायला गोड असतो. पण तो स्वीकारला, की लॉरीवाल्याच्या पावलावर पाऊल पडतं.

“गाडी तुमच्या नावावर झालीय, आता ती परत कशी घेणार?” हा डीलरचा हमखास युक्तिवाद असतो. इंग्लंडमध्ये 2015 मध्ये तो अपील कोर्टाने निकालात काढला. एका माणसाला 2007 मध्ये कॅडिलॅक गाडी ‘कोरी’ म्हणून 21,895 पौंडांना विकली होती. ती दोन वर्षं आधीची निघाली आणि तिला धडकही बसलेली होती. नोंदणी झाली आणि गाडीचं मोल उतरलं म्हणून ती परत करता येत नाही, हे म्हणणं कोर्टाने मानलं नाही. नोंदणी ही कागदावरची गोष्ट आहे, गाडी तर तशीच्या तशी परत देता येते, असा त्यांचा विचार होता.

आपल्याकडे मात्र एक काळजी घ्यावी लागते. आरटीओच्या नोंदीत नाव पुन्हा बदलेपर्यंत शिक्षिकाच मालक राहते. मध्ये अपघात झाला, तर जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. म्हणून गाडी उभी असली तरी विमा चालू ठेवायचा. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे हप्तेही चालूच राहतात. गाडीचा करार रद्द झाल्याने कर्जाचा करार आपोआप संपत नाही.

डीलर म्हणतो, मलाही फसवलं

असंही घडतं. मीटर डीलरने मागे केलेला नसतो. आधीच्या मालकाने तो फिरवूनच गाडी विकलेली असते. मग कलम 17 चं कपट सिद्ध करणं कठीण, कारण डीलरला ठाऊक होतं हे दाखवावं लागतं. कलम 18 शिल्लक राहतं. त्याच्याजवळच्या माहितीच्या बळावर ‘बेचाळीस हजारच’ असं ठामपणे सांगणं योग्य होतं का, हा प्रश्न येतो. गाड्यांचा धंदा करणारा एक फोन करून सर्व्हिसची नोंद काढू शकत होता. बेंटलेच्या डीलरकडूनही कोर्टाने हीच अपेक्षा केली होती. पण आता साध्या खबरदारीचा अपवादही दार ठोठावतो. शिक्षिकेलाही तीच नोंद सहज मिळाली असती, असं डीलर म्हणेल. ग्राहकाकडून काय अपेक्षित आहे आणि धंदेवाल्याकडून काय, यावर निकाल अवलंबून राहतो. डीलरने हरल्यास आधीच्या मालकाकडे वसुलीला जायचं, ती त्याची स्वतंत्र लढाई.

पावतीवर छापलेलं ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ हे वाक्य चुकीचं कथन निष्पाप असेल, तर डीलरच्या बाजूने वजन टाकू शकतं. जाणूनबुजून केलेल्या खोटेपणाला ते कवच होत नाही.

विकणारा डीलर असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच चालते आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. किंमत परत करण्याचा आणि भरपाई देण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. शेजारच्या सोसायटीतल्या माणसाकडून त्याची स्वतःची गाडी घेतली असेल, तर तो सहसा व्यापारी ठरत नाही आणि दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. करार रद्द करण्याच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे, रद्द करण्याजोगी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. तीन वर्षं ही दावा लावायची मर्यादा आहे. तोवर गाडी चालवत राहायची परवानगी ती देत नाही.

कागद काय बोलतात

या सगळ्या वादांत पुरावा हाच खरा अडथळा. ‘बेचाळीस हजार’ डीलर बोलला होता हे सिद्ध कसं करायचं? ऑनलाइन जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरचे प्रश्नोत्तर, डिलिव्हरी नोटवर लिहिलेला किलोमीटरचा आकडा, मीटरचा त्या दिवशीचा फोटो, एवढं असलं तर दावा उभा राहतो. नुसतं तोंडी बोलणं असेल, तर एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द.

खोटा आकडा ओळखायच्या खुणाही गाडीवर असतात. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2423 म्हणजे 2023 च्या चोविसाव्या आठवड्यातला टायर. 42,000 फिरलेल्या सहा वर्षांच्या गाडीला चारही टायर अलीकडचे असतील, तर आधीचे कुठे झिजले हे विचारायला हवं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं आवरण घासलेलं आणि मीटर मात्र तरणा, हे जुळत नाही. विम्याच्या जुन्या पॉलिसीतला नो-क्लेम बोनसही बघावा. दरवर्षी क्लेम नसेल तर तो वीस टक्क्यांपासून वाढत पन्नासपर्यंत जातो. सहा वर्षं क्लेम नाही म्हणणाऱ्याच्या पॉलिसीत बोनस शून्य दिसला, तर क्लेम झाला असावा किंवा पॉलिसी मध्ये खंडित झाली असावी. दोन्हींचा खुलासा मागायचा. गाडी कितव्या मालकाची आहे आणि तिच्यावर बोजा आहे का, हे सरकारी परिवहन नोंदीत नंबर टाकून पाहता येतं. म्हणजे ‘डॉक्टरांची एकहाती गाडी’ या वाक्याची तपासणी टोकन देण्याआधीच फोनवर होते.

टोकन देताना शिक्षिकेने पावतीवर तीन ओळी लिहून घेतल्या असत्या, तर हा सगळा वाद पुष्कळ लहान झाला असता: मीटर 42,000 आणि खरा, अपघात व विमा क्लेम नाही, यातलं काही खोटं निघाल्यास गाडी परत आणि पूर्ण किंमत परत. मग ती वाक्यं सेल्समनची बोलणी राहत नाहीत, थेट कराराच्या अटी होतात. खोटं कुणाला ठाऊक होतं, साधी खबरदारी कुणी घ्यायची होती, यांतला बराच वाद त्या सहीबरोबरच मिटतो. ज्या डीलरला आपला आकडा खरा ठाऊक आहे, त्याला त्या तीन ओळींखाली सही करायला काही अडचण नसते. जो सही करायला नकार देतो, त्याच्या गाडीची सर्व्हिस नोंद आधी मागवावी आणि टोकनचे पैसे तोवर खिशातच ठेवावेत.